आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी: रंग, आव आणि डॉक्टरांकडे कधी जायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि तालुक्याच्या गावात दवाखाना चालवते. बाळाची शी हिरवी झाली, आव पडली, बुळबुळीत झाली म्हणून आया धावत येतात आणि त्यांतल्या बहुतेकींना मी समजावून घरी पाठवते. ज्या रंगासाठी खरोखर धावत यायला हवं त्या रंगासाठी मात्र फारसं कुणी येत नाही, कारण तो डोळ्यांत भरत नाही. तो रंग म्हणजे फिकट, पांढुरका. म्हणून खालच्या प्रश्नोत्तरांत त्या रंगाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ही माहिती सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांसाठी आहे.

आईच्या दुधावरच्या बाळाची शी नेमकी कशी असायला हवी?

जन्मल्यावर पहिली शी काळपट हिरवी, चिकट, डांबरासारखी असते. ती बहुतेक बाळांना पहिल्या चोवीस तासांत होते. दोन दिवस उलटूनही झाली नाही, तर बाळ घरी आणलेलं असलं तरी परत दाखवायला न्यायचं. दूध पोटात जायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट तपकिरी होतो आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळा. ही पिवळी शी पातळ असते. तिच्यात मोहरीच्या दाण्यांएवढे पांढरट पिवळे कण असतात, वास आंबूस पण सौम्य असतो. हे कण म्हणजे दुधातल्या स्निग्धाचे गोळे. त्यांना अपचन समजू नका.

पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, तर बाळाला दूध पुरेसं जात नाहीये, असं समजून त्याच दिवशी वजन करून घ्या आणि बाळ स्तनाला नीट लागतंय का हे कुणाकडून तरी बसून बघून घ्या.

आता रंगामागचं कारण सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. दूध पांढरं असतं, मग शी पिवळी का? तो रंग पित्ताचा आहे. यकृतात तयार झालेला पित्तरस बारीक नळीतून आतड्यात उतरतो आणि दुधात मिसळतो. पित्त ताजं असताना हिरवं दिसतं, आतड्यातून हळूहळू पुढे सरकताना पिवळं होतं, पुढे जंतूंची वस्ती बदलली की तपकिरी होतं. म्हणजे हिरवा, पिवळा, तपकिरी हे तिन्ही रंग एकच गोष्ट सांगतात: पित्त आतड्यात पोचतंय. लाल आणि काळा रंग रक्ताचा असू शकतो. आणि रंगच नसेल, तर पित्त पोचत नाहीये.

बाळाची शी हिरवी झाली. सर्दी झाली का? मी पालक खाल्ला म्हणून का?

हिरवी शी म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की दूध आतड्यातून जरा घाईने पुढे गेलं आणि पित्ताला पिवळं व्हायला वेळ मिळाला नाही. सर्दी-पडसं, नुकतीच दिलेली रोटाव्हायरसची लस, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवणं, लोहाचे थेंब, यांपैकी कशानेही असं होतं. घरात घुटी सुरू असेल तर त्यातल्या हिरड्यानेही होतं, कारण हिरडा जुलाब करणाराच आहे. बाळ पीत असेल, हसत असेल, दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल, तर निव्वळ हिरव्या रंगासाठी औषध लागत नाही. ग्राइप वॉटरही नाही.

घुटीबद्दल स्पष्टच सांगते, कारण हा प्रश्न रोज येतो. सहाणेवर किती वेढे उगाळले आणि त्यातून किती द्रव्य पोटात गेलं याला काही माप नसतं. सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जातात ते वेगळेच. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आजीचा जीव दुखवायचा नसेल तर तिला बाळाला तेल लावायचं काम द्या. ते ती आपल्यापेक्षा चांगलं करते.

हिरवी आहे आणि वर फेसही येतोय. फटकन आवाज होऊन होते.

हे चित्र बहुधा भरपूर दूध येणाऱ्या आयांच्या बाळांत दिसतं. पान्हा जोरात येतो, बाळ ठसकतं, दोन-चार मिनिटांत पोट भरतं आणि आई त्याला दुसऱ्या बाजूला घेते. त्यामुळे दोन्हीकडचं सुरुवातीचं, साखर जास्त आणि स्निग्ध कमी असलेलं दूध पोटात जातं. ही लॅक्टोज साखर एकदम जास्त झाली की तिच्यावर आतड्यातले जंतू तुटून पडतात आणि गॅस, फेस, आंबट वास, लालसर झालेला बुड असा सगळा प्रकार होतो. वजन मात्र झकास वाढत असतं.

उपाय साधा आहे. एका बाजूचं दूध बाळाला पूर्ण पिऊ द्या. ते आपणहून तोंड सोडेल तेव्हाच दुसरी बाजू द्या, आणि त्याने ती नाकारली तर नाकारू द्या. आठवडाभरात फरक दिसतो. या काळात शी तपासायला पाठवली तर अहवालात 'रिड्यूसिंग शुगर' आढळल्याचं लिहून येतं आणि कुणीतरी आईचं दूध बंद करायला सांगतं. आईच्या दुधावरच्या निरोगी बाळाच्या शीतही ती साखर असते. त्या एका ओळीवरून दूध तोडू नका.

हिरवी पाणीदार शी आणि जुलाब यांतला फरक रंगावरून करू नका, अचानक झालेल्या बदलावरून करा. काल चार वेळा होणारी शी आज दहा वेळा, नुसतं पाणी, बाळ मलूल, लंगोट कमी ओले, टाळू खोल गेलेली, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. अंगावर पाजणं तोवर चालू ठेवायचं, उलट जास्त वेळा.

शीत शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसतोय. ही आव आहे का?

आपल्याकडे असा कुठलाही बुळबुळीत धागा दिसला की 'आव पडली' म्हणतात आणि मोठ्या माणसाच्या आवेचं औषध बाळाला द्यायचा विचार सुरू होतो. तो चिकट पदार्थ म्हणजे श्लेष्म. आतड्याचं अस्तर स्वतःला ओलं ठेवण्यासाठी ते तयार करतच असतं. शिवाय बाळ नाकातलं आणि तोंडातलं सगळं गिळतं. सर्दी झाली की ते गिळलेलं शीत दिसतं, आणि तीन-चार महिन्यांचं होऊन लाळ गळायला लागली की तीही दिसते. अधूनमधून दिसणारे काचेसारखे पारदर्शक धागे, बाळ मजेत, वजन वाढतंय, तर सोडून द्या.

श्लेष्म रोज, बहुतेक प्रत्येक लंगोटात, आठवडाभर दिसत राहिलं तर दोनच दिवसांत दाखवायला या. त्याच्यासोबत रक्त दिसलं तर त्याच दिवशी. ताप असेल तर आणखी लवकर: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे शी कशीही असली तरी तातडीने तपासणी.

आवेत रक्ताचे बारीक धागे आहेत, पण बाळ अगदी छान आहे. असं कसं?

साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात असं दिसलं, तर सगळ्यात आधी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी मनात येते. बाळाने गाईचं दूध प्यायलेलं नसतं. ते आईने प्यायलेलं असतं आणि त्यातल्या प्रथिनाचा किंचित अंश तिच्या दुधातून उतरतो. काही बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला तो सहन होत नाही, तिथे सूज येते आणि श्लेष्मासोबत रक्ताचे धागे किंवा ठिपके पडतात. बाळ पितं, झोपतं, वाढतं.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं. दुसरी म्हणजे आईचं दूध सोडवून डब्याची पावडर सुरू होते, आणि ती पावडर तर गाईच्याच दुधाची असते.

करायचं ते असं. आधी डॉक्टर बाळाला तपासतील, गुदद्वाराशी चीर नाही ना ते बघतील. मग आईने दोन ते चार आठवडे दुधाचा प्रत्येक पदार्थ बंद करायचा. बाळंतिणीचा आहार आठवून बघा म्हणजे हे किती अवघड आहे ते कळेल. दुधातली अळिवाची खीर, शतावरी कल्प घालून दूध, दही, ताक, पनीर, पेढे, दुधाचा चहा, दूध पावडर असलेली बिस्किटं हे सगळं आलं. साजूक तूप मुख्यतः स्निग्ध असलं तरी त्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून डिंकाचे लाडूही एवढे दिवस बाजूला ठेवावेत. म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा पर्याय नाही, कारण त्यांची प्रथिनं जवळजवळ तशीच असतात. अळीव नारळाच्या दुधात शिजवा, लाडू तेलातले किंवा तिळाचे करा. नाचणी आणि तीळ रोज ठेवा. बाळंतपणानंतर सहा महिने दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका.

रक्त सहसा तीन-चार दिवसांत कमी होतं, काहींना दोन आठवडे लागतात. श्लेष्म मागाहून जातं, म्हणून ते उरलं तरी धीर सोडू नका. रक्त थांबल्यावर बऱ्याच आया आहे तेच पथ्य वर्षभर चालवतात, पण त्याआधी एक पायरी आहे. डॉक्टरांना विचारून पुन्हा दूध-दही खाऊन बघायचं. रक्त परत आलं तरच ॲलर्जी पक्की. नाही आलं तर पथ्य संपलं, खीर खा. ज्यांची ॲलर्जी पक्की ठरते त्यांतल्याही बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास दूध सोसायला लागतं.

रक्त कधी धोक्याचं?

सहा-सात महिन्यांचं, आतापर्यंत धडधाकट असलेलं बाळ एकदम किंचाळतं, पाय पोटाशी ओढतं, पांढरं पडतं. दोन-तीन मिनिटांनी शांत होतं, गळून पडल्यासारखं झोपतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मग उलटी. हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण आहे. चार ते दहा महिन्यांच्या बाळांत हे जास्त होतं. शी मग कोकमाच्या आगळासारखी गडद लाल आणि बुळबुळीत होते, पण हा रंग उशिरा येतो. त्याची वाट पाहायची नाही. कळा अशा लाटांसारख्या येत असतील, तर शी पिवळी असली तरी त्याच तासाला सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. लवकर पोचलं तर बऱ्याचदा गुदद्वारातून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आतडं सोडवता येतं, शस्त्रक्रिया टळते.

तसंच बाळाने गवतासारखी हिरवीगार उलटी केली, तर आतड्याला पीळ पडल्याची शंका घ्यावी लागते. शी हिरवी चालते, उलटी हिरवी चालत नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाच दिवसांनंतर शी पुन्हा काळी झाली तर?

आधी आईने स्वतःचं स्तनाग्र बघावं. चीर पडून रक्त येत असेल तर ते दुधासोबत बाळाच्या पोटात जातं आणि पचून काळ्या ठिपक्यांच्या रूपात बाहेर पडतं. त्याने बाळाला अपाय नाही, पाजणं थांबवायचं नाही, फक्त बाळ स्तन नीट तोंडात घेत नाहीये ते सुधारायचं. लोहाच्या थेंबांनीही शी काळपट हिरवी होते.

यांतलं काही नसेल तर त्याच दिवशी या, आणि येताना डिस्चार्ज कार्डवर 'व्हिटॅमिन के' लिहिलं आहे का ते बघून या. जन्मतः हे इंजेक्शन मिळालं नसेल, जे घरी झालेल्या बाळंतपणात सहज राहून जातं, तर दोन ते बारा आठवड्यांच्या काळात बाळाला अचानक रक्तस्राव होऊ शकतो, अगदी मेंदूतही. नाकातून रक्त, अंगावर निळे डाग, लस टोचलेल्या जागी रक्त न थांबणं ही त्याची चाहूल असते. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

फिकट शी म्हणजे किती फिकट? पांढरी खडूसारखी झाली तरच ना?

नाही, आणि इथेच घात होतो. सगळे पांढऱ्याशुभ्र शीची वाट बघतात. गणपतीची शाडूची माती आठवा, किंवा पाण्यात कालवलेली कणीक, किंवा साय. फिकट राखाडी, मळकट पांढरा, क्रीम, अगदी उतरलेला पिवळा, हे सगळे रंग संशयाचे आहेत. पिवळा असला तरी हळदीचा पिवळा हवा, ताकात चिमूटभर हळद पडल्यासारखा नको.

आणखी एक फसवणूक म्हणजे कावीळ असलेल्या बाळाच्या शीला वरून पिवळट छटा येते, शूमुळेही येते. म्हणून शी काडीने मोडून आत बघा. आतला रंग खरा.

आपल्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर रंगपट्टिका वापरतात. जपानमध्ये अशा पट्टिकेवर 1990 च्या दशकापासून काम सुरू झालं. तैवानने 2004 पासून ती देशभर प्रत्येक नव्या आईच्या हाती दिली. आई घरी शीचा रंग पट्टिकेशी ताडून बघते आणि फिकट रांगेत बसला तर कळवते.

पण शी फिकट होण्यात एवढं गंभीर काय आहे?

पित्त आतड्यात उतरत नाहीये हे त्यातून कळतं. त्यामागचं सगळ्यात तातडीचं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेसिया. यात यकृताबाहेरच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारास सुजतात आणि बुजत जातात. पित्त यकृतातच तुंबतं आणि यकृत कडक होत जातं. जन्मल्यावरची पहिली काळी शी नेहमीसारखी असते, सुरुवातीचे काही दिवस शी पिवळीही असू शकते, मग हळूहळू उतरत जाते. रोज बघणाऱ्याला हा उतार कळतच नाही.

यावर कासाई शस्त्रक्रिया करतात. जपानमधल्या सेंदाई इथले सर्जन मोरिओ कासाई यांनी ती 1950 च्या दशकात सुरू केली. बुजलेल्या नलिका काढून टाकून आतड्याचा एक तुकडा थेट यकृताच्या मुखाशी जोडतात, म्हणजे पित्ताला नवी वाट मिळते. ती बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते. पुढे प्रत्येक आठवड्यागणिक ती घटते. आपल्याकडे अनेक बाळं साठ दिवस उलटून गेल्यावरच सर्जनपर्यंत पोचतात. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही काही मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतं, हे मी आईवडिलांपासून लपवत नाही. पण तोवर मिळालेली वर्षं मोलाची असतात, आणि काही मुलं स्वतःच्याच यकृतावर मोठी होतात.

बाळ तर गुटगुटीत आहे. थोडी कावीळ आहे, पण ती अंगावरच्या दुधाची आहे म्हणाले, कोवळ्या उन्हात ठेवतोय.

अशाच एका बाळाची गोष्ट सांगते. घरचे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय तसेच ठेवले आहेत.

एक्केचाळीस दिवसांची मुलगी आजीच्या मांडीवर दीड महिन्याच्या लशीसाठी आली. जन्माचं वजन दोन किलो नऊशे, आता चार किलो शंभर. हसरी, टपोरी. डोळे मात्र पिवळे. आजी म्हणाली, "दुधाची कावीळ आहे डॉक्टर, रोज सकाळी उन्हात धरते मी." मी लंगोट बघायला मागितला. सुती पांढऱ्या लंगोटावर शूचा हळदीसारखा डाग होता. आजी म्हणाली, हे डाग धुऊनही पुरते जात नाहीत. तान्ह्या बाळाची शू पाण्यासारखी असते, तिचा डाग पडत नाही. काविळीचं ते पित्त लघवीवाटे बाहेर पडत होतं.

आईला विचारलं, शी कशी होते? "पिवळी." तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. तेवढ्यात मुलीने शी केली. दवाखान्यातल्या दिव्याखाली ती पिवळट दिसत होती. लंगोट खिडकीशी नेला, काडीने शी मोडली, तर आत शाडूची माती. आईने फोन काढला. दहाव्या दिवसाचा एक फोटो होता, छान मोहरीच्या रंगाचा. तो आणि समोरचा लंगोट शेजारी धरल्यावर तिचा चेहराच उतरला. तिची काहीच चूक नव्हती. ती रोज बघत होती, म्हणूनच तिला दिसलं नव्हतं.

रक्त तपासायला घेतलं. कापूस दाबून धरला तरी टोचलेल्या जागेतून बराच वेळ रक्त पाझरत राहिलं. आतड्यात पित्त नसेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. तिला ते इंजेक्शन तिथेच दिलं. संध्याकाळी अहवाल आला: बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, एकूण 9.2, आणि त्यातलं डायरेक्ट, म्हणजे पित्तासोबत आतड्यात उतरायला हवं होतं ते, 6.1. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या शहरात बालशल्यचिकित्सकांसमोर होती. चार तास उपाशी ठेवून सोनोग्राफी झाली, पित्ताशय जवळपास दिसलंच नाही. बाकीच्या तपासण्या उरकून त्रेपन्नाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही दिवसांनी आईचा फोटो आला, लंगोटावर हिरवट पिवळी शी. खाली एकही शब्द लिहिलेला नव्हता.

दुधाची कावीळ खरी असते आणि निरुपद्रवीही असते. पण तिच्यात शी गडद पिवळी आणि शू पाण्यासारखी राहते. आणि ती दुधाचीच आहे हे नुसतं बघून ठरवता येत नाही, कारण बिलिअरी अट्रेसियाचं बाळही सुरुवातीला असंच गुटगुटीत दिसतं. उन्हाचा तुंबलेल्या पित्ताच्या काविळीवर काहीही उपयोग नाही. त्यात फक्त दिवस जातात.

मग नेमकी कोणती तपासणी मागायची?

चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील तर बिलिरुबिनची तपासणी करा आणि 'टोटल' सोबत 'डायरेक्ट' हवंच असं लॅबमध्ये सांगा. नुसत्या एकूण आकड्याने काही ठरत नाही. डायरेक्ट 1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आलं, तर बाळ कितीही छान दिसत असलं तरी पुढच्या तपासण्या त्याच आठवड्यात व्हायला हव्यात. शी फिकट असेल तर चौदा दिवसांची वाट बघायची नाही, आणि डोळे पिवळे नसले तरी यायचं. फिकट शी एकदाच झाली आणि नंतरच्या दोन-तीन पिवळ्या झाल्या तर काळजी नाही. लागोपाठ दोन-तीन फिकट झाल्या, तर त्याच दिवशी.

आशाताई जन्मानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. चौदाव्या दिवसापासून प्रत्येक भेटीत त्यांना डोळे, शू आणि शी तिन्ही दाखवा. बेचाळिसावा दिवस आणि दीड महिन्याची लस या साठ दिवसांच्या आतल्या शेवटच्या ठरलेल्या भेटी आहेत.

चार दिवस शीच झाली नाही. रंग कसा बघणार?

दीड महिन्यानंतर आईच्या दुधावरच्या बाळाला चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी होत नाही. झाली की मऊ आणि भरपूर होते. पोट मऊ असेल, बाळ पीत असेल तर साबणाची वडी, विड्याच्या पानाचं देठ असलं काही आत घालू नका. पहिल्या महिन्यात मात्र दोन-तीन दिवस शी नसणं म्हणजे दूध कमी जात असण्याची शक्यता, तेव्हा वजन करून घ्या. पोट फुगलं असेल किंवा उलट्या होत असतील तर वयाचा विचार न करता तातडीने दाखवा. बाळाला मुळात कावीळ असेल तर शी होण्याची वाट बघत बसू नका, शूचा डाग आणि रक्ताची तपासणी पुरेशी आहे.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

शक्य असेल तर शी असलेला लंगोटच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन-तीन तासांच्या आतला. डायपर पातळ भाग शोषून घेतो आणि शूचा रंगही लपवतो, म्हणून शंका असेल तेव्हा एक दिवस पांढरं सुती लंगोट वापरा. फोटो काढायचा तर दिवसा, खिडकीजवळ, दिवा बंद करून. घरातल्या पिवळ्या बल्बखाली शाडूची शीसुद्धा हळदीची दिसते. शेजारी पांढरा कागद ठेवला तर फोटोतला रंग किती खरा आहे ते आम्हाला कळतं. फिल्टर नको. जन्मापासून दर आठवड्याला असा एक फोटो काढून ठेवला, तर रंग उतरत गेला की नाही हे सांगायला तेवढा पुरावा पुरतो.

सोबत डिस्चार्ज कार्ड, लशीचं कार्ड, आणि बाळाला दिलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव. घुटी दिली असेल तर तीही सांगा. आम्ही रागावू या भीतीने आया ते लपवतात आणि मग हिरव्या शीचं कारण शोधण्यात बाळाला सुया टोचल्या जातात.